नाना पेठेतील बंद शटर : धुरावरून आगीची अवस्था ओळखण्याचे एक प्रकरण

धुराविषयीचे शिक्षण बहुतेक वेळा रंगापासून सुरू होते. पांढरा धूर म्हणजे आगीची सुरुवात, काळा म्हणजे जोर, तपकिरी म्हणजे लाकूड, एवढे पाठ करून जवान वर्गातून बाहेर पडतो आणि आगीच्या पहिल्याच वर्दीला त्या पाठाची अडचण होते, कारण एकाच इमारतीतून एकाच वेळी हे तिन्ही रंग निघताना दिसतात. पुढील प्रकरणात नेमके तसेच आहे. हा एखाद्या विशिष्ट घटनेचा अहवाल नाही. पुण्याच्या पेठांतील जुन्या इमारतींची ठेवण, त्यांच्या तळमजल्यावरील गादी-सोफ्याची दुकाने आणि जुलैतली पावसाळी पहाट डोळ्यांसमोर ठेवून ते चर्चेसाठी बेतलेले आहे. धूर आणि ज्वलन यांचे नियम मात्र कोणत्याही पेठेत तेच राहतात.

जागा आणि पहिले दृश्य

नाना पेठेतील एका अरुंद गल्लीत तळमजला आणि वर एक मजला अशी जुनी इमारत आहे. तळमजल्यावर सोफे दुरुस्त करण्याचे व गाद्या भरण्याचे दुकान असून ते 12 फूट रुंद, 40 फूट खोल आणि 11 फूट उंच आहे. पुढे लोखंडी शटर, मागच्या भिंतीत छताजवळ दोन फूट बाय एक फुटाची काचेच्या पट्ट्यांची झडप, आणि यांखेरीज दुकानाला हवा येण्याची दुसरी वाट नाही. मागच्या अर्ध्या भागात लाकडी पोटमाळा असून त्यावर फोमचे तक्ते रचलेले असतात, खाली कापसाचे गठ्ठे, रेक्झिनचे रोल, प्लायवूडचे तुकडे आणि चिकटवण्याच्या सोल्युशनचे डबे. दुकानाचे छत म्हणजेच वरच्या घराची लाकडी फळ्यांची जमीन. वरच्या घरात जाणारा लाकडी जिना इमारतीच्या कडेला आहे आणि जिना व दुकान यांच्यामध्ये फक्त एक जुनी, ठिकठिकाणी भेगाळलेली भिंत आहे.

वर्दी पहाटे पाचच्या सुमारास येते. बाहेर अंधार आहे, बारीक पाऊस पडतो आहे आणि वारा जवळजवळ नाही. गाडी चौकातच थांबवावी लागते, कारण गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या आहेत. प्रभारी अधिकारी आणि जवानांचा म्होरक्या असलेला तांडेल चालत आत येतात, मागून जवान होज अंथरत येतात. या पन्नासएक पावलांत इमारत समोर दिसत राहते आणि पाहण्याचे काम खरे म्हणजे तेव्हाच होते.

सर्वांत आधी नजरेत भरतो तो वरच्या मजल्याच्या दोन्ही खिडक्यांतून निघणारा पांढरट, दाट धूर. तो इतका आहे की खिडक्यांच्या चौकटी मधूनमधून दिसेनाशा होतात. खाली शटरच्या वरच्या पेटीजवळून मळकट पिवळसर-तपकिरी धूर येतो आहे, पण तो वरच्यापेक्षा कमी वाटतो. ज्वाळा कुठेही नाहीत. वरच्या घरातील मुलगा आणि सून खाली उतरलेले आहेत. मुलगा अधिकाऱ्याचा हात धरून सांगतो, "साहेब, आग वर लागलीय, सगळं घर धुरानं भरलंय. आई आतच आहे, तिला चालता येत नाही." शेजारी जमलेले सगळेच वर बोट दाखवत आहेत.

आग वर आहे हा निष्कर्ष काढणे या क्षणी अगदी सोपे आहे. धूर सर्वांत जास्त तिथे, घरातले लोकही तेच सांगतात. पण हे अनुमान धुराच्या केवळ प्रमाणावर उभे आहे, आणि प्रमाण एकट्याने फार थोडे सांगते.

वरचा धूर

वरच्या खिडक्यांतून येणाऱ्या धुराची चाल पाहिली तर तो बाहेर पडताच मंदावतो, खिडकीच्या काठावरून ओघळल्यासारखा खाली येतो आणि गल्लीत माणसांच्या डोक्यांच्या पातळीवर पसरतो. त्याच्या कडा गुळगुळीत आहेत, त्यात भोवरे नाहीत. दोन्ही खिडक्यांतून त्याचा रंग, दाटी आणि वेग सारखाच आहे.

धूर एखाद्या फटीतून बाहेर येतो तो दोन कारणांनी. एक तर आतली हवा तापून फुगते आणि त्याला ढकलते, किंवा आतली जागा भरत जाते आणि तो सांडतो. 27 अंशांची हवा 300 अंशांपर्यंत तापली तर ती जवळजवळ दुप्पट जागा मागते आणि 600 अंशांना जवळजवळ तिप्पट. ही जास्तीची जागा तिला खोलीत मिळत नाही, म्हणून ती फटींतून जोराने बाहेर पडते, आणि गरम असल्यामुळे बाहेर आल्यावरही काही अंतर वर चढत राहते. नुसता सांडलेला धूर मात्र बाहेरच्या हवेत आला की लगेच थबकतो. वरच्या मजल्याचा धूर या दुसऱ्या प्रकारचा आहे. त्याच्यामागे उष्णतेचा रेटा नाही.

मग एवढ्याशा घरात इतका धूर आला कुठून? तिथेच काही जळत असते आणि त्यातून दोन खोल्या भरतील इतका धूर निघाला असता, तर तो गरमही असता, जळणाऱ्या खोलीच्या खिडकीतून जोरात आणि दुसऱ्या खिडकीतून सावकाश आला असता. दोन्ही खिडक्यांतील धूर एकसारखा असणे याचा अर्थ तो दोन्ही खोल्यांत सारखाच शिरतो आहे, म्हणजे जमिनीतून किंवा जिन्याच्या भिंतीतून. फळ्यांच्या बारीक फटींतून वर येताना त्याची उष्णता लाकडात जिरते, जड काजळी फटींत अडकते, आणि दूरवरून आलेला काळा धूरसुद्धा पांढुरका होऊन बाहेर पडतो. त्यात पावसाळी हवेचा ओलावा मिसळला की तो आहे त्यापेक्षा दाट दिसतो आणि वर न जाता खाली बसतो. पावसाळ्यात पेठेतल्या गल्लीतून नुसता धुराचा ढीग पाहून आगीचा आकार ठरवू नये, असे मी वर्गात सांगतो ते याच कारणाने.

वर अडकलेल्या आजींच्या दृष्टीने मात्र हा धूर थंड असला तरी विषारीच आहे. फोम अपुऱ्या हवेत जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही तयार होतो, आणि फळ्यांच्या फटी काजळी अडवतात, वायू अडवत नाहीत. त्यामुळे आग वर नाही हा निष्कर्ष निघाला तरी वर जाण्याची घाई कमी होत नाही, फक्त वर जाण्याचा हेतू आणि वाट बदलते.

शटर

शटरजवळ दृश्य वेगळे आहे. धूर कमी असला तरी तो एकसारखा येत नाही. काही सेकंद वरच्या पेटीतून आणि शटरच्या वरच्या पट्ट्यांमधून मळकट धूर बाहेर ढकलला जातो, मग तो थांबतो, आणि थांबलेल्या क्षणी गल्लीत लोळणारा पांढरा धूर शटरच्या खालच्या फटीतून आत ओढला जाताना दिसतो. पुन्हा तेच. दमा लागलेल्या माणसाचा श्वास चालावा तसे हे चालले आहे. टॉर्चचा झोत शटरच्या खालच्या कडेवर आडवा धरला की आत जाणारा धूर स्पष्ट दिसतो. समोरून झोत मारला तर पांढऱ्या प्रकाशात सगळाच धूर करडा दिसतो आणि ही हालचाल निसटते.

येथे तांडेल एक साधी गोष्ट करतो. होजरीलमधून शटरवर वरपासून खालपर्यंत पाण्याचा पातळ फवारा मारतो. वरच्या भागावर पाणी पडताच वाफ होते आणि पत्रा काही सेकंदांत कोरडा पडतो. खालच्या भागावर पाणी तसेच ओघळत राहते. कोरड्या आणि ओल्या पत्र्याची सीमारेषा जमिनीपासून साधारण चार फुटांवर आहे. "साहेब, थर कमरेपर्यंत उतरलाय," तांडेल म्हणतो. अकरा फुटी खोलीत वरचे सात फूट तापलेल्या धुराने भरलेले आहेत, असा त्याचा अर्थ. शटरच्या वरच्या पट्ट्यांवरचा रंगही फोड येऊन सुटलेला आहे.

आता हे सारे एकत्र ठेवून पाहिले पाहिजे. धुराचा थर खाली उतरलेला, पत्रा तापलेला, पण ज्वाळांचा उजेड नाही आणि धूर जोराने सतत बाहेर येण्याऐवजी आत-बाहेर होतो आहे. ही सुरुवातीची आग नाही, कारण सुरुवातीच्या आगीत थर छताजवळ राहतो आणि शटर तापत नाही. ही पूर्ण पेटलेली आगही नाही, कारण मग शटरच्या फटींतून ज्वाळा निघाल्या असत्या. ही वाढून गेलेली आणि मग हवेअभावी कोंडलेली आग आहे.

ती कोंडली कशी, याचा हिशेब अवघड नाही. दुकानाचे आकारमान सुमारे 150 घनमीटर, म्हणजे आत साधारण 180 किलो हवा आणि तीत सुमारे 41 किलो ऑक्सिजन. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण 21 टक्क्यांवरून 15 टक्क्यांच्या आसपास आले की ज्वाळा मंदावू लागतात, म्हणजे वापरता येण्याजोगा ऑक्सिजन जेमतेम 12 किलो. एक किलो ऑक्सिजन खर्ची पडताना सुमारे 13 मेगाज्यूल उष्णता निघते, हा आकडा बहुतेक पदार्थांना थोड्याफार फरकाने लागू पडतो. म्हणजे बंद दुकानात एकूण दीडशे मेगाज्यूलच्या आसपास उष्णता निघू शकते, आणि ती देण्यास सहा ते आठ किलो फोम पुरतो. पोटमाळ्यावर त्याच्या अनेकपट फोम पडलेला आहे. फटींमधून थोडी हवा येत राहते, त्यामुळे प्रत्यक्षात यापेक्षा काहीसा जास्त माल जळेल, पण मुद्दा बदलत नाही: एखाद-दुसऱ्या सोफ्याएवढा फोम जळताच ज्वाळा बसतात, आणि उरलेला तापलेला फोम ज्वाळेविना नुसता वाफा सोडत राहतो.

या वाफा, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड हेच शटरच्या पेटीतून येणाऱ्या मळकट धुरात आहेत. धूर म्हणजे जळून उरलेला कचरा अशी समजूत असते, पण कोंडलेल्या आगीतला धूर हे न जळलेले इंधन असते. कार्बन मोनॉक्साइड हवेत 12.5 ते 74 टक्क्यांपर्यंत असताना पेट घेऊ शकतो, इतका त्याचा पल्ला मोठा आहे. दुकानात इंधन आहे, उष्णता आहे, उणीव फक्त हवेची आहे. धूर आत ओढला जातो तेव्हा ती थोडी हवा मिळून आत कुठेतरी क्षणभर ज्वलन होते, वायू फुगतो, धूर बाहेर पडतो, हवा संपते, वायू आकसतो आणि पुन्हा आत ओढ लागते. शटरचे श्वास म्हणजे हे चक्र आहे.

नेमक्या याच वेळी दुकानाचे मालक किल्ली घेऊन पोहोचतात आणि सरळ कुलपाकडे जातात. "काका, शटरला हात लावू नका, मागे व्हा," असे म्हणून जवान त्यांना बाजूला घेतो. हे शटर एका झटक्यात वर गेले तर काय होईल? बारा फूट रुंदीच्या तोंडातून ताजी हवा खालून आत शिरेल, मागच्या भागातील निखाऱ्यापर्यंत पोहोचायला तिला काही सेकंद लागतील, तेवढा वेळ काहीच झाले नाही असे वाटेल, आणि मग साचलेला धूर एकदम पेटून त्याच तोंडातून बाहेर येईल. हाच बॅकड्राफ्ट. तो झाला नाही तरी हवा मिळालेली आग काही मिनिटांत संपूर्ण दुकान पेटवील. दोन्ही शक्यतांत समोर उभा असलेला माणूस वाचत नाही.

मागची झडप

आग दुकानाच्या कोणत्या भागात आहे हे अजून कळलेले नाही. अधिकारी एका जवानाला मागच्या बोळात पाठवतो आणि वॉकीटॉकीवर तीनच गोष्टी सांगायला सांगतो: धूर किती वेगाने येतो, त्याच्या कडा कशा आहेत, आणि अर्ध्या मिनिटाने त्यात काय बदलले. रंग विचारलेला नाही. अंधारात तो खात्रीने कळणारही नाही.

जवान सांगतो की झडपेची एक पट्टी फुटलेली आहे, तिच्यातून काळपट धूर दर श्वासाला जोराने, गुंडाळ्या होत बाहेर पडतो आणि वर चढतो. उरलेल्या काचा आतून तेलकट तपकिरी थराने माखलेल्या आहेत. शटरकडचा श्वास आणि झडपेचा श्वास एकाच तालात आहे, पण झडपेकडे धूर अधिक गडद व वेगवान आहे. अर्ध्या मिनिटाने जवान पुन्हा सांगतो की दोन श्वासांतले अंतर कमी झाले आहे.

येथे एक सावधगिरी हवी. लहान फटीतून येणारा धूर मोठ्या फटीतून येणाऱ्या धुरापेक्षा नेहमीच वेगवान दिसतो, म्हणून शटरच्या लांबच लांब फटीची आणि झडपेच्या एका पट्टीची थेट तुलना फसवी ठरू शकते. अधिकाऱ्याने म्हणून शटरच्या कोपऱ्यातील एक बोटभर भोक निवडले आणि त्यातून निघणाऱ्या धुराशी झडपेची तुलना केली. भोकातला धूर लहान फटीतून येऊनही सौम्य होता, त्याच्या कडा गुळगुळीत होत्या, आणि बाहेर येताच तो वर न चढता पसरत होता. झडपेचा धूर खवळलेला होता. धूर शांत वाहतो तेव्हा वाटेतल्या भिंती आणि छत त्याची उष्णता अजून पीत असतात, आणि तो खवळून निघतो तेव्हा तो भाग तापून भरलेला असतो आणि आणखी उष्णता घेऊ शकत नाही. म्हणजे आगीचे बूड मागे, पोटमाळ्याच्या बाजूला आहे.

अर्ध्या मिनिटातल्या बदलाला मी या सगळ्यांत सर्वांत जास्त वजन देतो. एका क्षणी पाहिलेला धूर आग कुठे आहे ते सांगतो, पण ती कोणत्या दिशेने चालली आहे हे दोन वेळा पाहिल्याखेरीज कळत नाही. श्वास जलद होणे म्हणजे कुठून तरी हवा वाढते आहे. येथे त्याचे कारण बहुधा फुटलेली काचेची पट्टी आहे, आणि दुसरी पट्टी फुटली तर वाट पाहण्याची सवड संपेल.

निर्णय

तीन कामे एकाच वेळी सुरू होतात. महावितरणला वीजपुरवठा तोडण्यास सांगितलेले असते, ते उत्तर येईपर्यंत वायर जिवंत आहे असेच धरून काम चालते.

आजींना आणण्यासाठी बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या नळकांड्याचे श्वसनयंत्र, लावलेले दोन जवान शिडीने पुढच्या खिडकीतून आत जातात. जिना मोकळा दिसतो, त्यात धूर विरळ आणि थंड आहे, आणि लोक विचारतात की जिन्याने का जात नाही. जिन्याची भिंत दुकानाला लागून आहे आणि तीतून धूर शिरतो आहे हे वरच्या धुराने आधीच सांगितलेले आहे. दुकानात बॅकड्राफ्ट झाला तर ती भेगाळलेली भिंत टिकेल यावर कोणाचा जीव पणाला लावता येत नाही. शिवाय जिन्याचे खालचे दार उघडे ठेवले तर वर उघड्या असलेल्या खिडक्यांमुळे जिन्यातून ओढ निर्माण होते आणि भेगांमधून जास्त धूर वर जातो. म्हणून ते दार बंद करून ठेवले जाते. आजी आतल्या खोलीत पलंगावर सापडतात, त्यांना मास्क लावून खिडकीतून खाली आणले जाते आणि रुग्णवाहिकेत ऑक्सिजनवर ठेवले जाते.

शटर बंदच राहते. छताला भोक पाडून गरम वायू वर सोडणे हा कोंडलेल्या आगीवरचा शिकवलेला उपाय आहे, पण इथे छतावर घर आहे, त्यामुळे तो बाद होतो. झडप पूर्ण फोडून मागून वायू सोडणे शक्य आहे, पण बोळाच्या पलीकडे तीन फुटांवर शेजारच्या वाड्याची लाकडी गॅलरी आहे आणि बाहेर पडणारा धूर हवेत येऊन पेटला तर ती गॅलरी पकडेल. उरतो तो मार्ग म्हणजे हवा न देता पाणी देणे. मागे शिडीवरचा जवान भिंतीच्या आडोशाने, झडपेच्या समोर न येता, फुटलेल्या पट्टीतून नोझल आत सारून फवाऱ्याचे छोटे छोटे झोत छताकडे मारतो. पुढे शटरच्या वरच्या पट्टीत कटरने नोझलपुरते भोक पाडून तेथूनही तसेच केले जाते. शेजारच्या गॅलरीवर तिसरी लाइन पाणी धरून उभी असते.

झोत छोटे का? एका लिटर पाण्याची उकळबिंदूला सुमारे 1,700 लिटर वाफ होते. ही वाफ गरम थरात तयार झाली की ती उष्णता शोषते आणि वायूंना विरळ करते. तेच पाणी सलग धार म्हणून भिंतीवर मारले तर वाफ एकदम होऊन थर ढवळला जातो आणि धूर अनपेक्षित फटींतून, म्हणजे इथे वरच्या घरात, ढकलला जातो. दुकानात कोणी अडकलेले नाही हे मालकांकडून आधी खात्रीने कळलेले होते. आत माणूस असता तर हा मार्ग इतक्या सहज निवडता आला नसता, कारण गरम वाफ त्याच्यापर्यंत पोहोचली असती.

धुराचे उत्तर

प्रत्येक झोतानंतर थांबून धूर पाहायचा असतो. पहिल्या काही झोतांनंतर झडपेतून एकदम अधिक धूर बाहेर येतो. नवख्या माणसाला आग भडकली असे वाटते, पण त्यात पांढरा भाग जास्त आहे आणि तो हात-दोन हात वर जाताच विरून जातो. विरून जाणारी ती वाफ, आणि न विरता लोंबत राहणारा तो धूर. वरच्या खिडकीतला पांढरा आणि हा पांढरा डोळ्यांना सारखे दिसतात, पण त्यांची वागणूक वेगळी आहे, आणि फरक ओळखायला दोन फुटांवरचे त्यांचे टोक पाहणे पुरते.

थोड्या वेळाने श्वास मंदावतात, मग थांबतात. शटरच्या खालच्या फटीतून आत जाणारी ओढ दिसेनाशी होते. तांडेल पुन्हा शटरवर फवारा मारतो, आता ओली-कोरडी सीमा वर सरकून डोक्याच्या वर गेलेली आहे आणि वरचा भागही सावकाश सुकतो. मगच शटर एका बाजूने, गुडघ्याइतके, उचलले जाते. उचलणारे दोघे कडेला भिंतीलगत आहेत, समोर कोणी नाही, आणि लाइन चार्ज केलेली, म्हणजे दाबाच्या पाण्याने भरून तयार आहे. आत थंड हवा जाताच मागच्या भागात फोम पुन्हा धुगधुगतो, पण वरचा थर निवलेला असल्यामुळे ज्वाळा तिथेच राहते आणि ती थेट धारेने विझवता येते. निखारा आणि पाणी यांची पुढची झुंज नेहमीचीच आहे, तिचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही.

तिसरा रंग

आग आटोक्यात आल्यावर वरच्या घरातील पांढरा धूर दहा-पंधरा मिनिटांत निवळतो. एका जवानाला मात्र मागच्या खोलीच्या कोपऱ्यात, भिंत आणि जमीन जुळते तिथे, दोऱ्याएवढी तपकिरी रेघ अजून येताना दिसते. ती बारीक आहे, तिला वेग नाही, आणि खोलीच्या मानाने ती नगण्य आहे. तपकिरी रंगाला इथे अर्थ आहे, कारण आसपासचा सगळा धूर निवळलेला असताना एकाच जागेवरून, एकाच रंगाचा धूर येतो आहे. न रंगवलेले, न पॉलिश केलेले लाकूड तापून कोळसा होण्याच्या मधल्या टप्प्यात असे तपकिरी धूर सोडते, आणि या घरात तसे लाकूड म्हणजे जमिनीखालची तुळई आणि फळ्यांची खालची बाजू. पोटमाळ्याच्या बरोबर वर हीच जागा येते.

थर्मल कॅमेऱ्याने फळीच्या वरून फारसे काही दिसत नाही, कारण जाड लाकूड उष्णता वर पोहोचू देत नाही. म्हणून फळी उचलावी लागते. खाली तुळईच्या एका बाजूला लाकूड निखाऱ्यासारखे धुमसत असते आणि फळी उचलताच हवा मिळून ते लालसर होते. तेथे आधीच पाणी तयार ठेवलेले असते.

याच प्रकरणात शटर पहिल्यांदा पाहिले तेव्हा श्वास नसून धूर सलग, काळा, खवळलेला आणि पट्ट्यांच्या फटींतून भराभर निघणारा असता, तर वाचन वेगळे झाले असते. त्या स्थितीत आगीला हवा मिळत असते, वरचा थर 600 अंशांच्या जवळ पोहोचलेला असतो, आणि दुकानातला सगळा माल एकाच वेळी पेटण्याची, म्हणजे फ्लॅशओव्हरची, वेळ आलेली असते. तिथे मागची तुलना, दुसऱ्यांदा पाहणे वगैरेला अवकाश नाही. पहिली लाइन पोहोचताच बाहेरून फटीतून थरात पाणी घालायचे, आणि नंतर बाकीचे. धूर शांत आहे म्हणून घाई आणि खवळलेला आहे म्हणून सावकाशी, अशी उलटापालट प्रत्यक्षात पुष्कळदा होते, कारण शांत धूर आग विझत आल्याचा भास देतो.

या वाचनाला मर्यादाही आहेत. वारा असता तर शटरची आत ओढ आणि वाऱ्याचा झोत वेगळे करणे कठीण गेले असते, आणि पेठेच्या गल्लीत वारा कोपऱ्यांवरून फिरून येतो. दुकान 150 घनमीटरचे होते म्हणून काही मिनिटांत धुराने भरले. मार्केट यार्डाकडच्या एखाद्या मोठ्या गोदामात एवढीच आग असती तर दारातून नुसता विरळ धूर झिरपला असता आणि छताखाली कित्येक फूट जाडीचा थर साचत असताना बाहेरून सारे किरकोळ वाटले असते. त्यामुळे मोठ्या गोदामातून येणारा थोडा धूर लहान दुकानातून येणाऱ्या थोड्या धुराच्या मापाने मोजता येत नाही. आणि सोल्युशनच्या डब्यांचे काय झाले, तुळई किती पोकळ झाली, वरची जमीन माणसाचे वजन पेलेल का, यांतले काहीही धुराने सांगितले नव्हते. जवान वर वावरत होते ते भिंतीलगत, आणि खालून तुळई पाहून होईपर्यंत खोलीच्या मध्यभागी कोणालाही उभे राहू दिले नव्हते.